एकतीस मार्चची रेघ: आगाऊ आणि देय खर्चाच्या तपासणीची पार्श्वभूमी

खर्च कोणत्या वर्षाचा, हा प्रश्न गोव्यातल्या जुन्या पेढ्यांना फारसा छळत नसे. वहीपूजन झाले की नवी वही उघडायची, बिल चुकते केले त्या दिवशी खर्च लिहायचा. आयकर कायद्यानेही हिशेबाचे वर्ष निवडायची मोकळीक दिली होती, त्यामुळे कुणाचे वर्ष दिवाळीला संपे, तर कुणाचे डिसेंबरात.

ही मोकळीक दोन बदलांनी संपली. जून 1988 पासून कंपन्यांना रोख पद्धतीने वह्या ठेवता येईनात. पैसे दिले नसले तरी देणे उभे राहिले की ते वहीत यायलाच हवे, असे कंपनी कायद्यात आले. आणि 1989-90 च्या करनिर्धारण वर्षापासून सगळ्यांचे वर्ष 31 मार्चला संपू लागले. कंपनी नसलेल्यांना पुढेही काही वर्षे रोख आणि मर्कंटाईल, म्हणजे देणे उभे राहताच नोंद करायची पद्धत, यांची सरमिसळ चालत होती. 1997-98 च्या करनिर्धारण वर्षापासून तीही बंद झाली.

गोव्यातल्या हॉटेलांना यातला तारखेचा बदल जास्त जाणवतो. दिवाळीच्या सुमारास पावसाळ्याचे मंद महिने नुकतेच सरलेले असतात, येणी-देणी कमी असतात. 31 मार्चला मात्र मोसम चालू असतो. खोल्या भरलेल्या, एसी दिवसरात्र चालू, लॉन्ड्रीची आणि मासळीची बिले अजून यायची. वर्षाची रेघ नेमकी चालत्या कामावर पडते.

कळंगुटचे एक हॉटेल उदाहरणादाखल घेऊ, आकडे समजण्यापुरते. वीज खात्याचे बिल 12 मार्च ते 11 एप्रिल 2025 या 31 दिवसांचे आहे. युनिट 60,000, दर सरासरी 6 रुपये, म्हणजे 3,60,000, आणि स्थिर आकार 31,000. एकूण 3,91,000. बिल एप्रिलच्या मध्यावर हाती आले आणि हिशेबनिसाने सगळे एप्रिलात टाकले.

दिवसांच्या प्रमाणात मार्चचे 20 दिवस धरले तर सुमारे 2,52,000 रुपये येतात. पण एप्रिलात पाहुणे घटले असतील तर हे गणित मार्चला झुकते माप देत नाही, उलट कमी धरते. देखभाल विभागाच्या नोंदवहीत 31 मार्चच्या रात्रीचे मीटर वाचन सापडले आणि त्यानुसार 42,000 युनिट तोवर जळलेले असतील, तर विजेचे 2,52,000 आणि स्थिर आकाराचे 20 दिवसांचे 20,000 मिळून मार्चच्या वहीत या देण्याची तरतूद 2,72,000 हवी. वाचन उपलब्ध असेल तर दिवसांच्या वाटणीवर भागवू नये.

इथे एक फसवा दिलासा असतो. वीजखर्चाच्या खात्यात बारा बिले मोजली की खर्च पूर्ण वाटतो. पण ती मागच्या मार्चपासून या मार्चच्या 11 तारखेपर्यंतची असू शकतात. नफ्यावर परिणाम दोन वर्षांच्या मार्चमधल्या फरकाएवढाच दिसतो, म्हणून चूक वर्षानुवर्षे लपते. ताळेबंदात मात्र देणे पूर्ण 2,72,000 ने कमी असते. म्हणून बिलांची संख्या न मोजता प्रत्येक बिलावरचा कालावधी वाचावा.

तपासाची दिशाही इथूनच ठरते. तरतुदींच्या यादीत जे नाही, ते यादी तपासून सापडणार नाही. म्हणून एप्रिल ते जूनचे बँक विवरण आणि आलेली बिले घ्यायची, सेवा किंवा माल 31 मार्चपूर्वी मिळाला होता का ते पाहायचे आणि मग मागे येऊन मार्चच्या वहीत त्याची नोंद शोधायची. बिलावरची तारीख निर्णायक नसते. मालाची पावती, कामाचा अहवाल, करारातली मुदत हे पुरावे महत्त्वाचे. ऑडिट संपेपर्यंत बिलच आले नाही तर ही पद्धत तोकडी पडते. तिथे चालू करार आणि खरेदी-ऑर्डरी चाळाव्या लागतात.

आगाऊ खर्च म्हणजे पुढच्या वर्षासाठी आधीच भरलेली रक्कम. त्याच्या तपासाची दिशा उलटी असते, कारण तिथे धोका मालमत्ता फुगण्याचा. वहीतली रक्कम घेऊन मूळ पॉलिसीकडे जायचे. आगीच्या विम्याचा हप्ता 3,65,000, मुदत 1 ऑक्टोबर 2024 ते 30 सप्टेंबर 2025 असेल, तर 31 मार्चपर्यंत 182 दिवस संपले, 183 उरले, म्हणून आगाऊ 1,83,000. जीएसटीचे क्रेडिट घेतले असेल तर तो भाग यात मिसळायचा नाही.

शेवटची तपासणी 1 एप्रिलनंतरची. मार्चची 2,72,000 ची तरतूद उलटवली नाही आणि पूर्ण बिल एप्रिलच्या खर्चात पडले, तर तोच खर्च दोनदा लागतो. तरतूद आणि बिल यांत थोडा फरक निघाला तर तो अंदाजातला बदल, चालू वर्षातच बसतो. पण मागच्या वर्षी बिल विसरलेच असेल तर, लेखामानक 5 लागू असलेल्या कंपनीत, ती पूर्वकालीन बाब ठरते आणि वेगळी दाखवावी लागते.