पुनर्विलोकन अर्ज : अंतिम आदेशातली उघड चूक (ग्राहक आयोग)

आयोगाने दिलेल्या अंतिम आदेशात अशी चूक असेल, की ती सिद्ध करायला युक्तिवाद लागत नाही, नुसतं बोट ठेवलं तरी दिसते, तर त्याच आयोगाला ती दुरुस्त करायला सांगणारा अर्ज म्हणजे पुनर्विलोकन अर्ज, बोलीभाषेत रिव्ह्यू. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये जिल्हा आयोगासाठी कलम 40, राज्य आयोगासाठी 50 आणि राष्ट्रीय आयोगासाठी 60 अशी तरतूद आहे, मुदत आदेशापासून 30 दिवस.

हा अधिकार जिल्हा पातळीवर तसा नवीनच आहे. 1986 च्या कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने तो फक्त राष्ट्रीय आयोगाला मिळाला होता, आणि राजीव हितेंद्र पाठक प्रकरणात (2011) सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा मंच आणि राज्य आयोग स्वतःचे आदेश फिरवू शकत नाहीत असं स्पष्ट केलं. त्यामागचं तत्त्व जुनंच आहे, कायद्याने दिला असेल तरच पुनर्विलोकनाचा अधिकार असतो.

‘उघड चूक’ म्हणजे नेमकं काय यावर मात्र बराच खल झालेला आहे. शब्दप्रयोग दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 च्या आदेश 47 मध्येही आहे. हरी विष्णू कामथ प्रकरणात (1955) न्यायालयाने मान्य केलं की याची पक्की व्याख्या होत नाही, प्रत्येक प्रकरणात बघूनच ठरवावं लागतं. सत्यनारायण हेगडे प्रकरणात (1960) असं आलं की जिथे दोन मतं होऊ शकतात आणि लांबलचक तर्क करून चूक दाखवावी लागते ती उघड चूक नव्हे. अर्ज लिहिणाऱ्याला यातली 1960 ची कसोटीच जास्त कामाची, कारण ती आपल्याच मसुद्यावर लावून बघता येते : चूक सांगायला दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त लागत असतील तर बहुतेक ते अपिलाचं प्रकरण आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. विमा कंपनीने आगीच्या नुकसानीचा दावा नाकारल्याचं पत्र 20 जून 2023 चं, तक्रार दाखल 2 जून 2025 ला, म्हणजे कलम 69 ची दोन वर्षांची मुदत संपायला 18 दिवस बाकी होते. 10 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात परिच्छेद 4 मध्ये पत्राची तारीख बरोबर आहे, पण परिच्छेद 11 मध्ये तीच 20 जून 2022 अशी पडली आणि तक्रार मुदतबाह्य म्हणून फेटाळली गेली. आदेशाचेच दोन परिच्छेद एकमेकांशी जुळत नाहीत, यापेक्षा उघड चूक मिळणं अवघड.

मसुद्याचा गाभा एवढाच : “परिच्छेद 4 मध्ये आयोगाने पत्राची तारीख 20/06/2023 नोंदवली आहे. परिच्छेद 11 मध्ये तीच तारीख 20/06/2022 धरून तक्रार मुदतबाह्य ठरवली आहे. मूळ पत्र तक्रारीसोबत दाखल असून त्यावर 20/06/2023 हीच तारीख आहे.” चौथं वाक्य परिणामाचं, की योग्य तारीख धरली तर तक्रार मुदतीत बसते, हे सांगावंच लागतं कारण निकाल बदलत नसेल अशी चूक दाखवून काही मिळत नाही. सोबत आदेशाची प्रमाणित नक्कल आणि पत्राची आधीच दाखल असलेली प्रत जोडायची, नवा कागद नको, नवा कागद आला की चूक दाखल कागदांवरून दिसते हा आपलाच मुद्दा लंगडा होतो.

विनंती लिहिताना पुष्कळ जण घसरतात आणि थेट दाव्याची रक्कम मागतात. इथे गुणदोषांवर निर्णय झालेलाच नाही, त्यामुळे परिच्छेद 11 मधला निष्कर्ष आणि फेटाळणीचा भाग मागे घेऊन तक्रार मूळ क्रमांकावर परत घ्यावी आणि गुणदोषांवर ऐकावी एवढीच मागणी बसते.

आता हेच जरा बदलून बघा. तारीख बरोबर होती, पण आयोगाने मुदत पत्रापासून न मोजता आग लागली त्या दिवसापासून मोजली. हे चुकीचं वाटत असलं तरी वादाचं कारण कधी उद्भवलं यावर दोन बाजू मांडता येतात, मग तो विचार करून घेतलेला निर्णय झाला आणि तो अपिलातच तपासला जातो. “आयोगाने पुराव्याचा योग्य विचार केला नाही” असं वाक्य मसुद्यात आलं की समजावं, आपण अपील लिहायला लागलोय.

कलम 41 चं अपील आदेशापासून 45 दिवसांत राज्य आयोगाकडे करायचं असतं, आणि रिव्ह्यू टाकला म्हणून ते दिवस आपोआप थांबत नाहीत. त्यामुळे अर्ज 30 दिवसांच्या शेवटच्या दिवशी न टाकता पहिल्या आठवड्यातच टाकलेला बरा, आणि अपिलाचा मसुदा बाजूला तयार ठेवावा.