लँडफार्मिंग

तेलाने दूषित झालेली माती उथळ थरात पसरून, तिची शेतासारखी मशागत करून, मातीतल्याच जिवाणूंकडून तेलाचे विघटन करून घेण्याची पद्धत. डिझेल व कच्च्या तेलाला ती मानवते. पेट्रोलसारखे हलके तेल मात्र जिवाणूंनी खाण्याआधीच बरेचसे हवेत उडून जाते. तो उपचार नव्हे, प्रदूषणाची जागा बदलणे झाले. माती पाणी न झिरपणाऱ्या तळावर साधारण 30 ते 45 सेंमी जाडीने पसरतात आणि वाहून जाणारे पाणी अडवून गोळा करतात.

तेलात कार्बन भरपूर असतो, पण नत्र व स्फुरद जवळजवळ नसते. म्हणून खत घालावे लागते. कार्बन, नत्र व स्फुरद यांचे 100:10:1 हे प्रमाण प्रचलित आहे. धरू, 160 टन मातीत किलोमागे 10 ग्रॅम, म्हणजे एकूण 1,600 किलो तेल आहे. त्यातला कार्बन सुमारे 1,360 किलो. म्हणजे नत्र 136 किलो, युरियाच्या भाषेत जवळपास 295 किलो. हे एकदम टाकणे ही नेहमीची चूक. मातीत 15 टक्के ओल असेल तर पाणी 24 टनच. त्यात लिटरला साडेपाच ग्रॅमहून अधिक नत्र विरघळते. दोन ग्रॅमच्या आसपासच क्षारांचा ताण बसून जिवाणू मंदावू लागतात. युरिया चार हप्त्यांत, दर वेळी सुमारे 74 किलो द्यावा. मेलेल्या जिवाणूंतले नत्र पुन्हा वापरात येत असल्याने शेवटच्या हप्त्याची अनेकदा गरजही पडत नाही.

नांगरणीचा मुख्य हेतू प्राणवायू पोचवणे. एक किलो तेल पूर्ण जाळायला तीन किलोहून जास्त प्राणवायू लागतो. सुरुवातीला आठवड्या-दोन आठवड्यांनी आणि वेग ओसरल्यावर महिन्याने पाळी द्यावी, तीही वाफसा असतानाच. ओल्या मातीत औजार घातले की ढेकळे बनतात. असे ढेकूळ फोडले तर आत काळपट, तेलाचा वास मारणारा गाभा सापडतो. कोरडीत वारंवार नांगरले तर ओल उडते आणि काम थांबते.

तेलाचा आकडा घसरला म्हणजे तेल कुजलेच असे नाही. खोल गेलेला फाळ खालची स्वच्छ माती वर आणतो आणि नमुना नुसता पातळ होतो. यासाठी होपेन या सहसा न कुजणाऱ्या घटकाशी तुलना करतात. समजा, तेल 10,000 वरून 4,000 मिग्रॅ/किलो झाले, पण होपेनही 10 वरून 8 वर आले. होपेन कुजलेले नाही, तेव्हा मातीच पाचव्या हिश्शाने पातळ झाली. मग 4,000 ला 0.8 ने भागून खरा आकडा 5,000 येतो. विघटन 60 नव्हे, 50 टक्के.

साध्या कार्बनसाखळ्या आधी संपतात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांची घसरण तीव्र असते. नंतर उरतात ते जड, डांबरासारखे घटक व मातीच्या सूक्ष्म रंध्रांत अडकलेले तेल. या टप्प्यावर आणखी युरिया टाकून फारसे काही हलत नाही.