वारस दाखल्यासाठी येताना आजीला विसरू नका

मृत्यू दाखला, फ्लॅटची कागदपत्रं, बँकेचं पासबुक, आधार कार्डं असं सगळं तुम्ही नीट घेऊन येता. तरीही आमच्याकडची निम्मी कामं एकाच ठिकाणी अडतात, ते म्हणजे वारसांची यादी.

वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू वारसा कायद्यानुसार त्यांची पत्नी, मुलगे, मुली आणि त्यांची आई या सगळ्यांचा सारखा हक्क असतो. मुलगी लग्न होऊन सासरी गेली म्हणून तिचं नाव कमी होत नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. वडिलांची आई मात्र हमखास राहते.

एका घरात वडिलांनी स्वतः घेतलेला फ्लॅट होता. मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण. अर्जात चौघांचीच नावं घातली. गावी काकांकडे राहणाऱ्या आजीचा पाचवा हिस्सा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. कोर्टाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली आणि काकांनी हरकत घेतली. अर्ज दुरुस्त करून नोटीस पुन्हा काढावी लागली. तेवढ्यात आजी गेली. तिचा पाचवा हिस्सा आता काका, आत्या आणि वारलेल्या मुलाची मुलं असा तीन वाट्यांत गेला, म्हणजे काका आणि आत्या प्रत्येकी पंधराव्या हिश्श्याचे मालक झाले. आजी असताना तिच्या एका हक्कसोडपत्रावर जे भागलं असतं, त्यासाठी पुढे दोघांची मनधरणी करावी लागली.

“ताईला काही नकोय, नाव कशाला?” असंही विचारतात. नको असेल तर तिने हक्कसोडपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं. स्टँपपेपरवरच्या ‘ना हरकत’ लिखाणाने घरावरचा हक्क सुटत नाही. वारस म्हणून यादीत नाव तरीही येणारच. एखाद्याला अंथरुणावरून उठता येत नसेल, तर निबंधकांना घरी बोलावून नोंदणी करता येते. तो अर्ज आम्ही करून देतो.

बँकेत नॉमिनी असेल, तर खात्यासाठी वारस दाखल्याची वाट पाहू नका. बँक नॉमिनीला पैसे देते. पण नॉमिनी हा सांभाळणारा असतो, पैसा सगळ्या वारसांचाच. सोसायटीतल्या नॉमिनीचंही तसंच. शेतजमीन असेल, तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, नोटीस आणि मग मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केल्यावर सातबाऱ्यावर नावं चढतात. तिथेही यादी तीच.

म्हणून पहिल्या भेटीत आम्ही आजीची, आत्याची आणि आधी वारलेल्या भावाच्या मुलांची चौकशी करतो. काहींना ते घरच्या गोष्टींत नाक खुपसणं वाटतं. वाटू दे. नाव गाळलेल्या शपथपत्राचा मसुदा आम्ही करत नाही, कारण खोट्या शपथेचा त्रास सही करणाऱ्यालाच होतो. वंशावळ तपासायचे पैसे आम्ही घेत नाही. येताना ती कागदावर लिहून आणा, हयात आणि मयत दोघांचीही नावं घालून.