मृत व्यक्तीचा ईमेल: पासवर्ड का मिळत नाही आणि मग काय मागावं

कोथरूडला मावशीकडे काकांचं तेरावं झालं. दोन दिवसांनी मावसबहिणीनं विचारलं, "दादा, मृत्यूचा दाखला पाठवला तर गूगल बाबांचा पासवर्ड देईल ना?" फंडांची स्टेटमेंट, विम्याच्या पावत्या, सोसायटीचा पत्रव्यवहार, सगळं काकांच्या एकाच जीमेलमध्ये होतं. दाखला आणि कागदपत्रं पाहून बँक वारसाला पैसे देते, मग ईमेल का नाही, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. पण पासवर्ड मिळत नाही, कोणालाच नाही. त्याचं कारण आपल्या कायद्यात नसून अमेरिकेच्या कायद्यात आहे, कारण मोठ्या ईमेल कंपन्या तिथल्या आहेत.

1986 साली अमेरिकेत 'स्टोअर्ड कम्युनिकेशन्स ॲक्ट' आला. कंपनीकडे साठवलेला पत्रव्यवहार तिनं तिसऱ्याच्या हाती देऊ नये, हा त्याचा गाभा. पत्र पाठवणाऱ्यानं किंवा ज्याला ते आलं त्यानं संमती दिली तर मजकूर देता येतो. पण तेव्हासुद्धा कंपनी तो 'देऊ शकते', दिलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. माणूस गेल्यावर त्याच्या वतीनं संमती कोणी द्यायची, याबद्दल त्यात काहीच नव्हतं. त्या काळी ईमेल वापरणारे मूठभर होते, आणि संदेश सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून राहतील असं कोणाच्या मनात आलं नसावं.

ही फट 2004 च्या नोव्हेंबरमध्ये उघडी पडली. इराकमध्ये फलुजाला मारल्या गेलेल्या एका तरुण मरीन सैनिकाच्या वडिलांनी मुलाचे ईमेल याहूकडे मागितले. खातं हस्तांतरणीय नाही आणि मृत्यूबरोबर त्यावरचे हक्क संपतात, या अटीकडे बोट दाखवून याहूनं नकार दिला. वडील मिशिगनमधल्या वारसाहक्क न्यायालयात गेले. एप्रिल 2005 मध्ये न्यायालयानं आदेश दिला आणि याहूनं तो पाळला. आजही उपयोगी पडणारी गोष्ट त्या पूर्ततेत आहे. वडिलांना पासवर्ड मिळाला नाही, मजकुराची प्रत असलेली सीडी मिळाली. कंपनी द्यायचंच ठरवते तेव्हा ती प्रत देते, किल्ली देत नाही. किल्ली हातात आली तर माणूस मृताच्या नावानं पत्रं पाठवू शकतो, बँकेचे पासवर्ड बदलू शकतो, म्हणून हा भेद मला योग्यच वाटतो.

संमतीचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. मॅसेच्युसेट्समध्ये 2006 साली सायकल अपघातात गेलेल्या एका माणसाच्या भावंडांनी त्याच्या याहू खात्यासाठी खटला लढवला. मृताच्या मालमत्तेचे प्रशासक त्याच्या वतीनं संमती देऊ शकतात आणि 1986 चा कायदा त्याआड येत नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पण ते 2017 च्या ऑक्टोबरमध्ये. घरच्यांनी अकरा वर्षं वाट पाहिली, आणि तेव्हाही कंपनीच्या अटींचा मुद्दा खालच्या न्यायालयाकडे परत गेला. दरम्यान 2015 साली अमेरिकेतल्या राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला. त्यानं प्राधान्यक्रम लावून दिला: खातेदारानं कंपनीच्या स्वतःच्या सोयीत काही ठरवून ठेवलं असेल तर ते आधी, मग मृत्युपत्र, आणि दोन्ही नसतील तर कंपनीच्या अटी.

अशी सोय गूगलनं एप्रिल 2013 मध्येच आणली होती, 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'. 3 ते 18 महिन्यांची मुदत निवडायची. तेवढा काळ खातं वापरलं गेलं नाही तर आधीच नेमलेल्या, जास्तीत जास्त दहा, माणसांना कळवलं जातं आणि ठरवलेला डेटा उतरवून घेता येतो. अॅपलचा 'लेगसी काँटॅक्ट' डिसेंबर 2021 मध्ये आला. काकांनी हे काही केलं नव्हतं. आपल्याकडे बहुतेकांनी केलेलं नसतं.

भारतात ईमेल खात्याच्या वारसाहक्काचा वेगळा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 नं मृत्युपत्राला आपल्या कक्षेबाहेर ठेवलं, म्हणून ते आजही कागदावर, सही आणि साक्षीदारांसह करावं लागतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 च्या कलम 14 मध्ये आपल्या पश्चात आपले हक्क बजावण्यासाठी कोणाला तरी नेमण्याची तरतूद आहे. वाचताना हायसं वाटतं. पण ते हक्क म्हणजे डेटाचा सारांश मागणं, दुरुस्ती करून घेणं, तो पुसायला लावणं, तक्रार करणं. पूर्ण इनबॉक्स वाचायला मिळण्याचा हक्क त्यात नाही.

म्हणून बहिणीला मी सांगितलं, पासवर्ड मागूच नकोस. मृत खातेदारांसाठी गूगलचा अर्ज आहे. त्यात खातं बंद करण्याची विनंती करता येते किंवा मजकूर मागता येतो. अर्जदाराचं ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला लागतो. दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. खातं बंद करणं त्यातल्या त्यात सोपं. मजकुरासाठी मात्र पुढे अमेरिकी न्यायालयाच्या आदेशापर्यंत जावं लागू शकतं. शिवाजीनगर कोर्टातून काढलेला वारस दाखला नातं सिद्ध करतो, पण त्यानं तो आदेश मिळत नाही. पुण्यातल्या पेन्शनवर चाललेल्या घरासाठी तो खर्च शहाणपणाचा नाही.

मग मी तिला विचारलं, तुला नेमकं काय हवंय? इनबॉक्स नको होता, गुंतवणुकीची यादी हवी होती. ती यादी दुसरीकडे मिळते. तिनं आयकर विभागाच्या पोर्टलवर काकांची कायदेशीर वारस म्हणून नोंदणी केली. ती मंजूर झाल्यावर त्यांचं वार्षिक माहिती विवरण दिसलं. त्यात दोन बँकांचं व्याज आणि एका फंडाचा लाभांश होता. त्यातली एक बँक घरात कोणालाच माहीत नव्हती. नॉमिनी असलेल्या मावशीनं तिथे दावा केला, फंडाकडे ट्रान्समिशनचा, म्हणजे गुंतवणूक आपल्या नावावर करून घेण्याचा, अर्ज दिला. या वाटेची मर्यादाही सांगतो: लाभांश न देणाऱ्या ग्रोथ योजनेतल्या, वर्षानुवर्षं व्यवहार न झालेल्या फोलिओचा या विवरणात मागमूस नसतो. त्यांच्यासाठी सेबीच्या पुढाकारानं सुरू झालेलं 'मित्र' पोर्टल आहे, आणि विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम'.

दोन गोष्टींत क्रम चुकला की नुकसान भरून येत नाही. पहिली म्हणजे मोबाइल नंबर. रिचार्ज न केलेलं सिम काही काळानं बंद होतं आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, म्हणजे बँकांचे संदेशही तिकडेच जातात. दुसरी म्हणजे खातं बंद करण्याची घाई. गूगल खातं पुसलं की ईमेलबरोबर त्यातले फोटो आणि ड्राइव्हमधल्या फाइलीही जातात. उलट खातं तसंच ठेवलं तरी ते कायम टिकत नाही: दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती हटवण्याचं धोरण गूगलनं डिसेंबर 2023 पासून अमलात आणलं आहे.

काकांच्या टॅबवर खातं उघडंच होतं. नातवंडांचे फोटो बहिणीनं तिथूनच उतरवून घेतले. पत्रं तिनं वाचली नाहीत. ती मित्रांनी बाबांना लिहिली होती, मला नाही, असं म्हणाली. खातं बंद करायचा अर्ज भरून ठेवलाय, पण फंडाचे पैसे मावशीच्या नावावर येईपर्यंत तो पाठवायचा नाही असं ठरलंय, आणि तोवर सिमचं रिचार्ज दर महिन्याला मीच करतोय.