ग्राहक-वर्गीकरण (खरेदीच्या वारंवारतेनुसार)

ग्राहक-वर्गीकरण : विक्रीच्या नोंदींवरून ग्राहकांचे नेहमीचे, अधूनमधूनचे आणि एकदाच खरेदी केलेले असे गट पाडून कोणाकडे किती लक्ष द्यायचे व कोणाला खास सवलत द्यायची हे ठरविण्याची पद्धत. बांधलेले गिऱ्हाईक आणि वाटसरू गिऱ्हाईक हा भेद व्यापारात जुनाच आहे. प्रस्तुत नोंदीत मोजमापावर आधारलेल्या वर्गीकरणाचा विचार केला आहे.

या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. शेवटची खरेदी कधी झाली, एकूण किती वेळा झाली आणि किती रकमेची झाली, या तीन मापांनी ग्राहकाला गुण देण्याच्या रीतीला ‘आरएफएम’ म्हणतात. तिचे श्रेय बहुधा जॉर्ज कलिनन यांच्या १९७७ च्या लेखनाला दिले जाते. मात्र अमेरिकेतील टपालाने माल विकणाऱ्या व्यवसायात ही रीत त्याच्या बरीच आधी रुळली होती, असेही मानले जाते, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. तेथे प्रत्येक माहितीपुस्तिकेच्या छपाईचा आणि टपालाचा खर्च विक्रेत्याला सोसावा लागे. त्यामुळे यादीतील कोणती नावे ठेवायची आणि कोणती गाळायची, हा रोजचा प्रश्न होता. नाव आणि मांडणी नंतर आली, व्यवहार आधीचा. तीन मापांचा क्रमही याच अनुभवातून आलेला दिसतो : पुढची मागणी येईल की नाही हे सांगण्यात शेवटच्या खरेदीची तारीख सहसा सर्वांत उपयोगी ठरते, रक्कम सर्वांत कमी.

दुसरा प्रवाह संख्याशास्त्राचा आहे. अँड्र्यू एरेनबर्ग यांनी १९५९ मध्ये दाखविले की, ठरावीक काळात कोण किती वेळा खरेदी करतो याची विभागणी ऋण द्विपद वितरणाशी, म्हणजे बहुतेक जण क्वचित आणि थोडे जण फार वेळा खरेदी करतात हे दाखविणाऱ्या गणिती सूत्राशी, चांगली जुळते. १९८७ मध्ये श्मिटलाइन, मॉरिसन आणि कोलंबो यांनी त्यात ग्राहक मध्येच कायमचा निघून जाण्याची शक्यता जोडली. आरएफएमला जे केवळ अनुभवाने उमगले होते, त्याचे कारण या दोन कामांतून समजते.

गटांच्या सीमा : ‘वर्षात सहा वेळा आला तो नेहमीचा’ अशी सरसकट सीमा आखणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय. महिन्यात संपणारी वस्तू आणि चार वर्षे टिकणारी वस्तू यांना एकच माप लागू पडत नाही. म्हणून आधी पुन्हा खरेदी केलेल्या ग्राहकांच्या लागोपाठच्या दोन खरेद्यांमधील अंतरे काढून त्यांचा मध्यक घेतात. सरासरी घेतल्यास फार लांबलेली मोजकी अंतरे ती फुगवतात. मध्यक ३० दिवस असेल, तर एकच खरेदी केलेल्या व्यक्तीला निदान ६० ते ९० दिवस उलटेपर्यंत ‘एकदाचा’ म्हणू नये. त्याआधी तो नुसता नवा ग्राहक असतो; पुन्हा येण्याची वेळच त्याच्यावर आलेली नसते. नवे आणि एकदाचे एकाच गटात टाकले की ज्यांच्याकडे लक्ष दिल्याने खरोखर फरक पडतो तेच दुर्लक्षिले जातात.

नोंदींची सफाई याआधी करावी लागते. परत केलेला माल वजा करावा. एकाच दिवशी फाडलेली दोन बिले ही एकच भेट धरावी. एकच व्यक्ती दोन दूरध्वनी क्रमांकांवर नोंदलेली असेल, तर एक नेहमीचा ग्राहक दोन अधूनमधूनचे बनून समोर येतो. अधूनमधूनचा गट विनाकारण मोठा दिसू लागला, तर प्रथम हेच तपासावे.

शांततेचा अर्थ : ५२ आठवड्यांच्या नोंदीतील दोन ग्राहक घ्या. पहिल्याने सहाव्या ते तिसाव्या आठवड्यात दर दोन आठवड्यांनी, एकूण १३ वेळा खरेदी केली. दुसऱ्याने दुसऱ्या, सोळाव्या आणि तिसाव्या आठवड्यात, एकूण ३ वेळा. दोघेही त्यानंतर २२ आठवडे फिरकलेले नाहीत. केवळ संख्या पाहिली तर पहिला नेहमीचा आणि दुसरा अधूनमधूनचा. पण पहिल्याच्या बाबतीत ही शांतता त्याच्या नेहमीच्या अंतराच्या ११ पट आहे. तो बहुधा गेला आहे. दुसऱ्याचे अंतर १४ आठवड्यांचे, म्हणजे शांतता दीडपटीहून थोडी अधिक; तो अजून येऊ शकतो. वारंवारता जितकी जास्त, तितकी तेवढीच शांतता अधिक गंभीर. गुणांची नुसती बेरीज करणाऱ्या कोष्टकात हे दिसत नाही, म्हणून शांतता भागिले नेहमीचे अंतर हा एक वेगळा रकाना ठेवणे इष्ट. तो दोनच्या पुढे गेला की नेहमीच्या ग्राहकाची विचारपूस करावी. अकरापर्यंत थांबल्यास फारसे हाती लागत नाही.

आपोआप होणारी घसरण : यंदा खूप वेळा आलेला ग्राहक पुढच्या वर्षी सरासरीने कमी वेळा येतो, आणि यंदा न आलेल्यांपैकी काही जण येतात. सवयी न बदलताही हे घडते, कारण एका वर्षाच्या आकड्यात योगायोगाचा वाटा असतो. ऋण द्विपद वितरणानुसार x वेळा आलेल्याची पुढच्या तेवढ्याच काळातील अपेक्षित खरेदी अशी निघते :

```
m(k + x) / (m + k)
```

येथे m ही प्रत्येक ग्राहकामागील सरासरी खरेदी, तर k हा ग्राहकाग्राहकांतील फरक दाखविणारा अंक. तो जितका लहान तितका फरक मोठा. m = २ आणि k = १ धरल्यास १० वेळा आलेल्याची अपेक्षा सुमारे ७.३ वर उतरते, एकदा आलेल्याची १.३ वर चढते, आणि मुळीच न आलेल्याचीही सुमारे ०.७ असते. म्हणून ‘नेहमीचे कमी झाले, सेवा बिघडली’ किंवा ‘सवलतीमुळे एकदाचे परतले’ हे दोन्ही निष्कर्ष नुसत्या आधी-नंतरच्या आकड्यांवरून काढता येत नाहीत.

सवलतीची परीक्षा : यासाठी प्रत्येक गटातील काही ग्राहक चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि त्यांना सवलत देत नाहीत. उदाहरणार्थ, वस्तूची किंमत १००, नफा ३० आणि सवलत १० एकक धरू. नेहमीच्या १,००० जणांना सवलत दिल्यावर ४०० जणांनी खरेदी केली. न दिलेल्या १,००० पैकी ३८० जणांनी केली. सवलतीपोटी ४,००० गेले, तर वाढलेल्या २० खरेद्यांतून ६०० आले. अधूनमधूनच्यांत हेच आकडे १३० आणि ८० असतील, तर १,३०० गेले आणि १,५०० आले. नेहमीच्या गटात सर्वाधिक खरेदी झाली, तरी तोटाही तिथेच, कारण ३८० जण पूर्ण किमतीतही घेणारच होते. अशा ग्राहकांसाठी किंमत कमी करण्यापेक्षा माल राखून ठेवणे, तक्रार आधी सोडविणे यांसारखे लक्ष अधिक उचित ठरते. सवलतीने पुढची खरेदी नुसती अलीकडे ओढली गेली का, हे पाहण्यासाठी मोजणी निदान दोन खरेदी-अंतरांइतकी चालू ठेवावी लागते.

मर्यादा : नोंद एकाच विक्रेत्याची असते. येथे अधूनमधून येणारा ग्राहक तीच वस्तू इतरत्र दर आठवड्याला घेत असू शकतो, आणि क्वचित घेणारा दुसरा ग्राहक त्याची सगळी गरज येथेच भागवत असू शकतो. विक्रीच्या आकड्यांत दोघे सारखेच दिसतात. फरक कळण्यासाठी ग्राहकालाच विचारावे लागते.