सभेच्या नोटिशीतला कोरम आणि ‘एक सभासद, एक मत’

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस बहुतेक सभासद फक्त तारखेपुरती वाचतात. खरा इतिहास मात्र खालच्या कोरमच्या, म्हणजे किमान हजेरीच्या, आणि मतदानाच्या ओळींत आहे.

‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली आपल्या ग्राहक दुकानासाठी स्वीकारलं. भारतात ते सरसकट आलं नाही. १९१२ च्या सहकार कायद्यात अमर्यादित जबाबदारीच्या संस्थेत प्रत्येकाला एकच मत होतं; जबाबदारी भागांपुरती, म्हणजे घेतलेल्या शेअरपुरती, मर्यादित असेल तिथे किती मतं द्यायची, हे संस्थेच्या स्वतःच्या नियमांवर, म्हणजे उपविधींवर सोडलेलं होतं. म्हणजे जास्त भाग घेणाऱ्याला जास्त मतं मिळायला वाव होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ मध्ये ही वाट बंद आहे. भाग कितीही असोत, मत एकच, आणि तेही स्वतः हजर राहून. शेजाऱ्याच्या हाती पत्र देऊन मत देता येत नाही. समसमान मतं पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असतं. माझ्या मते या कायद्यातली ही सर्वांत मोलाची तरतूद आहे.

सभेची मुदतही बदलत आली. पूर्वी संस्थांची धावपळ १४ ऑगस्टसाठी असायची. सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली राज्याचा कायदा बदलला आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिने, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंतचा अवधी मिळाला.

आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, आणि त्यात नोटिशीचा व सभेचा दिवस धरत नाहीत. सभा २९ सप्टेंबरला असेल तर १४ तारखेला नोटीस निघाली पाहिजे. १५ ला निघाली तर मधे तेराच दिवस उरतात, आणि नाराज सभासदाला हरकतीचा मुद्दा आयता मिळतो.

कोरम एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जे कमी असेल ते. २४ सभासदांच्या इमारतीत १६ जण लागतात. १२० सभासदांच्या वसाहतीत मात्र २० पुरतात. छोट्या संस्थेलाच कोरम जड जातो तो यामुळे. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि नोटिशीत तशी वेळ दिली असेल तर त्याच दिवशी पुन्हा भरते. ती वेळ दिलेली नसेल तर ७ ते ३० दिवसांतली पुढची तारीख घ्यावी लागते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण विषय मूळ नोटिशीतलेच चालतात. म्हणून दहा जण बसले असताना ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणून उपविधी दुरुस्ती पुढे आली तर तिथल्या तिथे हरकत घ्यावी आणि ती इतिवृत्तात नोंदवायला लावावी.