पॅलक्सी नदीतली ‘माणसाची पावलं’

“टेक्सासमध्ये डायनोसॉरच्या ठशांशेजारी माणसाची पावलं सापडलीत म्हणे. मग दोघं एकाच काळात होते ना?”

नाही. पॅलक्सी नदीच्या पात्रातले, ग्लेन रोज गावाजवळचे ते लांबट ठसे दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरचेच आहेत. एरवी हा प्राणी बोटांवर चालायचा. इथल्या मऊ चिखलात त्याने बोटांमागचा लांब तळवाही टेकवला, म्हणून टाचेसारखा भाग उमटला. तीन बोटांच्या खाचा पुढे वेगळ्या गाळाने भरल्या आणि उरला माणसाच्या पावलासारखा आकार. खडक धुऊन पाहिला की बुजलेली बोटं रंगावरून ओळखू येतात. १९८०च्या दशकात ग्लेन कुबान या संशोधकांनी हे रंगभेद नोंदवले. काही सुटे ‘ठसे’ तर १९३०च्या मंदीत विकायला चक्क कोरलेले होते. असा दगड आडवा कापला, तर वजनाने दबून वाकलेले थर दिसत नाहीत. ते छिन्नीने तुटलेले असतात.